निवेदकासाठी नावांचे उच्चार कसे लिहून द्यावेत?

प्रश्न: आम्ही सोलापुरात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या जीवनावर मराठी ध्वनिकथा तयार करत आहोत. संहितेत चिनी नावे भरपूर आहेत. प्रत्येक नावापुढे कंसात उच्चार लिहून दिला होता, तरीही ध्वनिमुद्रणात आमच्या निवेदिकेकडून बरीच नावे चुकली, आणि काही नावे एका प्रकरणात एक व दुसऱ्या प्रकरणात वेगळीच ऐकू आली. उच्चार लिहून देण्याची नेमकी पद्धत काय?

उत्तर:

बहुतेक वेळा अडचण निवेदकाच्या वाचनात नसते, लिहून दिलेल्या उच्चारात असते. देवनागरीत जसे लिहितो तसेच वाचतो, असा आपला समज असतो आणि मराठी शब्दांपुरता तो चालून जातो, कारण शब्द आधीच कानावर असतो आणि अक्षरे त्याची फक्त आठवण करून देतात. अनोळखी नावाच्या बाबतीत ही मदत नसते. तेथे निवेदक समोरच्या अक्षरांना मराठी वाचनाच्या सवयी लावतो, आणि या सवयी लिहिणाऱ्याच्या ध्यानात नसतील तर अचूक ऐकून लिहिलेला उच्चारही चुकीचा वाचला जातो. म्हणून उच्चार लिहिताना ‘हे नाव कसे उच्चारतात’ एवढेच पाहून चालत नाही. मी जे लिहिले आहे ते मराठी वाचणारा माणूस कसे वाचेल, हे अधिक बारकाईने पाहावे लागते. आपल्या संहितेत येणाऱ्या नावांवरूनच हे सांगतो.

पहिले काम नावांची रोमन अक्षरे बाजूला ठेवण्याचे आहे. चिनी नावे आज ज्या पद्धतीने रोमन लिपीत लिहितात ती पिनयिन पद्धत इंग्रजी वाचकासाठी केलेली नाही, आणि तिच्यातील अक्षरांची मूल्ये इंग्रजीपेक्षा वेगळी आहेत. डॉ. कोटणीस यांच्या पत्नीचे नाव इंग्रजीसारखे वाचून ‘ग्वो किंगलान’ असे लिहिले जाते. परंतु तेथे क्यू या अक्षराचे मूल्य ‘छ’ च्या जवळचे आहे, त्यामुळे नाव ‘छिंग-लान’ असे होते. एक्सचे मूल्य ‘श’ च्या जवळचे, झेडचे ‘त्स’ च्या जवळचे, आणि झेड-एच या जोडीचे ‘च’ च्या जवळचे आहे. वृत्तपत्रांत ‘शिजियाझुआंग’ असे छापले जाणारे शहर म्हणूनच चिनी माणसाच्या तोंडून ऐकले तर ओळखूही येत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, चिनी भाषेत पिनयिनमधील बी, डी, जी ही अक्षरे ब, द, ग नसून अल्पप्राण प, त, क आहेत आणि पी, टी, के ही महाप्राण फ, थ, ख आहेत. इंग्रजी कानाला हा भेद धरणे अवघड जाते. मराठी माणसाला तो जन्मतः येतो, कारण ‘काल’ आणि ‘खाल’ यांत आपण तोच भेद करतो. तेव्हा रोमन अक्षरावरून ‘ग्वो’ लिहिण्याऐवजी ‘क्वो’ लिहिले तर आपला निवेदक मूळ उच्चाराच्या अधिक जवळ पोहोचतो, आणि हपेइ प्रांतातील ज्या तालुक्यात डॉ. कोटणीस काम करत होते त्याचे नाव ‘तांग’ न लिहिता ‘थांग’ लिहावे लागते. देवनागरीची ही सोय हाताशी असताना रोमन अक्षरांच्या मागे जाण्यात अर्थ नाही. मूळ उच्चार चिनी भाषा मातृभाषा असलेल्या व्यक्तीच्या तोंडून ऐकावा, तो ध्वनिरूपात जतन करावा आणि मगच देवनागरीत उतरवावा.

दुसरा निर्णय धोरणाचा आहे आणि तो मुद्रणापूर्वी घ्यावा लागतो. प्रत्येक नाव मूळ उच्चारानुसार वाचायचे की मराठीत रुळले आहे तसे? माझे मत असे की, मराठी श्रोत्याच्या कानाला सरावाचे झालेले नाव बदलू नये. ‘बीजिंग’ हे ‘पेइचिंग’ करण्याने श्रोता अडखळतो आणि कथा त्याच्या हातून सुटते. ‘माओ त्से-तुंग’ हे जुने मराठी रूप तर तसेच ठेवावे, कारण ते रुळलेलेही आहे आणि रोमन अक्षरांवरून अलीकडे छापल्या जाणाऱ्या ‘झेडोंग’पेक्षा मूळ उच्चाराच्या कितीतरी जवळ आहे. कोटणीसांच्या पथकातील डॉ. बसू यांचे आडनाव बंगालीत ‘बोशू’ असे ऐकू येते, तरी मराठी निवेदनात ‘बसू’च म्हणावे. मात्र जी नावे बहुसंख्य श्रोते या कथेतच प्रथम ऐकणार आहेत, म्हणजे पत्नीचे, मुलाचे, कोटणीसांना मिळालेले चिनी नाव आणि लहान गावांची नावे, ती मूळ उच्चारानुसारच द्यावीत. तेथे मोडण्यासारखी जुनी सवय नसते.

जुन्या आणि नव्या रूपांबाबत एक सावधगिरी घ्यावी लागते. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे भारतीय वैद्यकीय पथक चीनला गेले, त्या काळातील लेखनात गावांची नावे जुन्या रोमन वळणाने आलेली आहेत, आणि मराठी लेखकांनी ती तशीच उचलली. त्यामुळे एका संदर्भात ‘चुंगकिंग’ आणि दुसऱ्यात ‘छोंग-छिंग’ आढळते. ही दोन शहरे नाहीत. संहिता अनेक साधनांतून जुळवली असेल तर एकाच कथेत दोन्ही रूपे येऊन बसतात, आणि निवेदक कितीही अचूक वाचत असला तरी श्रोत्याला दोन ठिकाणे असल्यासारखे वाटते. एका प्रकरणात एक आणि दुसऱ्यात वेगळे ऐकू येते असे आपण सांगितले, त्याचे कारण कदाचित हेच असेल. ध्वनिमुद्रण तपासण्यापूर्वी संहिता तपासावी.

आता मुख्य भाग, म्हणजे प्रत्यक्ष लेखन. मराठीत सर्वांत जास्त फसवणारे अक्षर ‘च’ आहे. ‘चूल’ आणि ‘चोर’ यांतील च दंत्य आहे, तर ‘चार’ आणि ‘चंद्र’ यांतील च तालव्य आहे, आणि लिपी हा भेद दाखवत नाही. ज आणि झ यांचेही तसेच आहे. अनोळखी नावात ‘चा’ किंवा ‘चो’ दिसले की निवेदक यांपैकी कोणताही उच्चार निवडू शकतो, आणि सकाळी एक व दुपारी दुसरा निवडला तरी त्याच्या ते लक्षात येत नाही. ‘शिजियाझुआंग’मधील झ मराठी वाचक ‘झाड’मधील झ सारखा म्हणतो. तो मूळ उच्चारापासून फार दूर जातो.

हा भेद दाखवण्यासाठी काही जण दंत्य अक्षराखाली नुक्ता देतात. पद्धत शास्त्रीय आहे, पण मी ती ध्वनिमुद्रणाच्या प्रतीत वापरत नाही. लहान छपाईत तो ठिपका दिसत नाही, जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधून मजकूर बदलताना तो पुष्कळदा गळून पडतो, आणि निवेदकाला त्याचा अर्थ आठवावा लागतो. त्याऐवजी दंत्य ध्वनी हवा असेल तर सरळ ‘त्स’ लिहावे. ते वाचण्यात कोणाची चूक होत नाही. तालव्य हवा असेल तर आधी पाहावे की पुढे इ, ई किंवा ए हा स्वर आहे का. असेल तर काहीच करावे लागत नाही, कारण ‘चि’, ‘ची’, ‘चे’ मराठीत आपोआप तालव्यच वाचले जातात. संशय उरतो तो अ, आ, उ, ऊ, ओ या स्वरांपुरता आणि जोडाक्षरांपुरता. तेथे नावाच्या वरच्या ओळीत लहान अक्षरांत ‘चार-मधील च’ असे लिहून द्यावे. शास्त्रीय संज्ञेपेक्षा ओळखीचा शब्द निवेदकाला एका क्षणात मार्गावर आणतो.

सोलापुरात या अक्षराबाबत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. येथे उत्तम मराठी वाचणाऱ्या अनेकांची घरची भाषा कानडी, तेलुगू किंवा उर्दू असते. कानडीत आणि उर्दूत च तालव्यच असतो, तर तेलुगूत मराठीसारखे दोन्ही च आहेत. पण कोणत्या शब्दात कोणता येईल याची सवय मराठीहून वेगळी असू शकते. म्हणजे एकच लिखित रूप तीन निवेदक तीन प्रकारे वाचू शकतात, आणि प्रत्येक जण आपल्या सवयीनुसार बरोबरच असतो. म्हणून उच्चार लिहायला बसण्यापूर्वी आपल्या निवेदिकेकडून दहा-बारा शब्दांचा एक नमुना वाचून घ्यावा. त्यात चमचा, चंद्र, जहाज, जन्म, झाड, सिंह, मिथ्या असे शब्द असावेत. पाच मिनिटांत त्यांची वाचनाची घडण कळते, आणि मग आपण कोणत्याही काल्पनिक मराठी वाचकासाठी न लिहिता त्यांच्यासाठी लिहितो.

पुढचा प्रश्न अवयवांच्या सीमेचा आहे, आणि माझ्या मते चिनी नावांत खरी चूक येथेच होते. डॉ. कोटणीस यांच्या मुलाचे नाव घ्या. त्यात दोन अवयव आहेत, यिन आणि हुआ. पहिला भारतासाठी आणि दुसरा चीनसाठी. हे नाव ‘यिन्हुआ’ असे लिहिले की मराठी वाचक न आणि ह एकत्र करून ‘उन्हाळा’मधील न्ह उच्चारतो, आणि दोन अवयवांमधील सीमा नाहीशी होते. अनुस्वार देऊन ‘यिंहुआ’ लिहिले तर अधिकच बिघडते, कारण ह पूर्वीचा अनुस्वार आपण ‘सिंह’प्रमाणे, म्हणजे ‘सिंव्ह’ असा वाचतो, त्यामुळे नावात नसलेला व येऊन बसतो. ‘यिनहुआ’ असे सलग लिहिले तर न पूर्ण म्हणायचा की तोडायचा हे निवेदकाला ठरवावे लागते, आणि वाचनाच्या वेगात तो क्षणभर थबकतो. एक आडवी रेघ देऊन ‘यिन-हुआ’ लिहिले की या तिन्ही अडचणी संपतात. चिनी नाव लिहिताना प्रत्येक अवयवानंतर रेघ द्यावी, आणि त्या रेघेचा अर्थ ‘थांबा’ असा नसून ‘येथे अक्षरे एकमेकांत मिसळू नका’ असा आहे, हे निवेदिकेला एकदा स्पष्ट सांगावे. नाहीतर त्या प्रत्येक रेघेवर विराम घेतील आणि नाव तुटक ऐकू येईल.

याच नावाच्या शेवटच्या अवयवात आणखी एक खाच आहे. मूळ उच्चार एकाच झटक्यात म्हटलेल्या ‘ह्वा’सारखा आहे, म्हणून ‘ह्वा’ लिहिण्याचा मोह होतो. परंतु मराठी जीभ ‘ह्व’ची ‘व्ह’ अशी उलटापालट सहज करते, आणि ‘यिन-ह्वा’ पुढे आले की निवेदक नकळत ‘यिन-व्हा’ म्हणतो. म्हणून मी ‘हुआ’ लिहितो आणि दोन्ही स्वर लवकर म्हणण्याची सूचना देतो. कोटणीसांचे चिनी नावही याच अवयवाने संपते. तेथेही हेच रूप वापरावे म्हणजे वडिलांच्या आणि मुलाच्या नावातील साम्य श्रोत्याला ऐकू येईल.

ते नाव रोमन अक्षरांवरून ‘के दिहुआ’ असे लिहिले जाते. पहिल्या अवयवातील स्वर ए नाही, तो आपल्या अ च्या जवळचा आणि थोडा लांबवलेला आहे. व्यंजन महाप्राण ख आहे, आणि ‘दि’च्या ठिकाणी अल्पप्राण त आहे. म्हणून ‘खऽ ती-हुआ’ असे लिहावे. येथे अवग्रह उपयोगी पडतो. मराठी वाचकाला नाटकाच्या संवादांमुळे त्याची ओळख असते, आणि एकट्या ‘ख’ अक्षराकडे पाहून हा छपाईतील दोष तर नाही, अशी शंका निवेदिकेच्या मनात येत नाही. मात्र नाटकात अवग्रह आला की आपण स्वर बराच ताणतो, तेवढा येथे ताणायचा नाही, ही सूचना सुरुवातीलाच द्यावी. हपेइ प्रांताचे नाव याच पद्धतीने ‘हऽ-पेइ’ होते.

जोडाक्षरांबाबत नॉर्मन बेथ्यून यांचे नाव पाहू. हे कॅनडाचे शल्यविशारद १२ नोव्हेंबर १९३९ रोजी चीनमध्ये निधन पावले, आणि त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे डॉ. कोटणीस पुढे संचालक झाले, त्यामुळे आपल्या कथेत हे नाव वारंवार येणार. या आडनावाचे एकाहून अधिक उच्चार प्रचलित आहेत. त्यांतील एक निवडून कथाभर तोच ठेवावा. ‘बेथ्यून’ निवडले, तर तसेच सलग लिहू नये. मराठीत य पूर्वीच्या व्यंजनावर आपण आघात देतो आणि ते दुहेरी करतो. ‘मिथ्या’ हा शब्द आपण ‘मित्-थ्या’ असा वाचतो. त्याच सवयीने ‘बेत्-थ्यून’ ऐकू येते. ‘बे-थ्यून’ असे तोडून लिहिले की दुहेरी उच्चार टळतो. चिनी लोक त्यांना ज्या नावाने ओळखतात ते संहितेत असेल तर ‘पाइ छ्यो-अन’ असे लिहावे, आणि ‘पाइ’च्या ठिकाणी ‘पाय’ कधीही लिहू नये. ध्वनी जवळजवळ तोच असला तरी निवेदकाच्या डोळ्याला ओळखीचा मराठी शब्द दिसतो आणि नावाऐवजी त्या शब्दाचा स्वर लागतो.

ही शेवटची गोष्ट नियम म्हणून लक्षात ठेवण्यासारखी आहे: लिहून दिलेले रूप दुसऱ्या एखाद्या मराठी शब्दासारखे किंवा प्रत्ययासारखे दिसता कामा नये. शिजियाझुआंग म्हणून छापल्या जाणाऱ्या शहराचे नाव अवयवशः ‘शि-च्या-च्वांग’ असे होईल. ते अचूक आहे, परंतु वाक्यात पाहिले की ‘च्या’ हा षष्ठीचा प्रत्यय वाटतो, आणि निवेदक ‘शिच्या च्वांग’ असे वाचून मोकळा होतो. म्हणून मी तेथे ‘शि-चिया-च्वांग’ लिहितो. ‘चि’ आपोआप तालव्य राहते, प्रत्ययाचा भास होत नाही, आणि ‘चिया’ लवकर म्हणण्याची सूचना पुरते. ‘च्वांग’वर ‘चार-मधील च’ असे लिहून द्यावे. शेवटचा ग ठळक म्हणायचा नाही, तो नाकातच विरू द्यायचा. यातील ‘शि’चा मूळ स्वर मराठीत नाहीच, त्यासाठी चिन्हे शोधत बसू नये, जवळचे रूप ठरवून पुढे जावे. चिनी भाषेतील स्वरांचे चढउतारही मराठी निवेदनात आणू नयेत. मराठी वाक्याच्या मध्यभागी एका नावापुरता सूर बदलला तर श्रोत्याला ते प्रश्नार्थक किंवा आश्चर्यदर्शक वाटते.

येनान या चिनी शहराविषयी थोडक्यात सांगतो. रोमन अक्षरांवरून ते ‘यानान’ वाचले जाते, पण पहिला अवयव ‘येन’ आहे, त्यामुळे जुने मराठी रूपच योग्य आहे. ‘येन-आन’ असे लिहावे.

उच्चार ठरले की ते संहितेत कोठे लिहायचे हा प्रश्न येतो. कंसात लिहिण्याची आपली पद्धत मी बदलायला सांगेन. नाव आणि पुढे कंसात उच्चार असे असले की निवेदकाचा डोळा आधी चुकीचे रूप वाचतो, मग कंसाकडे जातो, आणि तोवर तोंडातून पहिले रूप निघून गेलेले असते. जाणकार निवेदक पुढचे शब्द आधीच पाहत वाचतात हे खरे, पण दोन रूपांतून एक निवडण्याचे काम त्यांना वाक्याच्या मध्यभागी देऊ नये. ध्वनिमुद्रणाच्या प्रतीत मूळ लेखनरूप काढून टाकावे आणि त्या जागी फक्त वाचायचे रूप ठेवावे. छापील किंवा संदर्भाची प्रत वेगळी असते, तिच्यात हवे ते रूप राहू द्यावे.

एका वाक्यावर हे करून दाखवतो. समजा संहितेत असे आहे: ‘१९४१ मध्ये कोटणीसांनी ग्वो किंगलानशी (क्वो छिंगलान) विवाह केला आणि ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना यिन्हुआ (यिनहुआ) हा मुलगा झाला.’ ध्वनिमुद्रणाच्या प्रतीत ते मी असे लिहीन: ‘एकोणीसशे एक्केचाळीसमध्ये डॉ. कोटणीस यांनी क्वो छिंग-लान यांच्याशी विवाह केला, आणि ऑगस्ट एकोणीसशे बेचाळीसमध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव यिन-हुआ.’ साले अक्षरी केली आहेत, प्रत काढताना नावे ठळक करावीत, आणि ‘किंगलानशी’ या रूपातील प्रत्यय नावापासून वेगळा काढला आहे. परक्या नावाला प्रत्यय जोडला की नाव कोठे संपले हे ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि ‘छिंग-लानने’ अशा रूपात दोन न एकत्र येऊन जीभही अडखळते. ‘यांनी’, ‘यांना’, ‘यांच्याशी’ यांनी दोन्ही गोष्टी टळतात. स्थळनामांना प्रत्यय लावावाच लागतो, तेथे ‘येन-आन मध्ये’ असे अंतर ठेवून लिहावे. शुद्धलेखनाच्या दृष्टीने ते चूक आहे, परंतु ही प्रत वाचण्यासाठीच आहे. मुलाचे नाव मी वाक्याच्या शेवटी नेले आहे. एका वाक्यात दोन अनोळखी नावे जवळजवळ आली की दुसरे पहिल्याच्या ओघात बिघडते, म्हणून लेखकाची संमती असेल तर अशी वाक्ये तोडावीत. ओळीच्या शेवटी नाव दुभंगणार नाही याचीही काळजी घ्यावी, कारण ‘छिंग-’ एका ओळीत आणि ‘लान’ पुढच्या ओळीत गेले की मधे विराम हमखास येतो.

याशिवाय एक पानाचा नावांचा तक्ता असावा. त्यात वाचायचे रूप, ते कोणाचे किंवा कशाचे नाव आहे, ‘चार-मधील च’ यासारखी सूचना, आणि ते नाव संहितेत प्रथम कोणत्या पानावर येते, एवढेच लिहावे. सोबत प्रत्येक नाव तीनदा उच्चारलेली छोटी ध्वनिफीत द्यावी; पहिल्यांदा सावकाश, दुसऱ्यांदा नेहमीच्या गतीने, आणि तिसऱ्यांदा एका मराठी वाक्यात गुंफून. हा तिसरा उच्चार सर्वांत उपयोगी असतो, कारण सुटे नाव बरोबर म्हणणारा माणूस वाक्यात ते मराठी वळणाने म्हणतो. केवळ ध्वनिफितीवर मात्र विसंबून राहू नये. बंद खोलीत वाचन चालू असताना वीस-पंचवीस नावांचे ध्वनी कोणाच्याही लक्षात राहत नाहीत. त्या वेळी डोळ्यापुढचे लिखित रूपच आधार देते.

लिहिलेले रूप निर्दोष आहे की नाही, हे लिहिणाऱ्याला स्वतः वाचून कधीच कळत नाही, कारण त्याच्या कानात मूळ उच्चार बसलेला असतो. तक्ता कथेशी संबंध नसलेल्या, चिनी नावे न ऐकलेल्या दोन व्यक्तींना द्यावा आणि काहीही न सांगता मोठ्याने वाचायला सांगावे. शक्य असल्यास त्यांतील एकाची घरची भाषा मराठी आणि दुसऱ्याची कानडी किंवा तेलुगू असावी. सोलापुरात हे अवघड नाही. दोघांचे वाचन जुळले आणि मूळ ध्वनीच्या जवळ गेले तर रूप योग्य आहे. कोणी अडखळले, किंवा दोघांनी वेगवेगळे वाचले, तर त्यांना दुरुस्त करू नये, रूप दुरुस्त करावे. ध्वनी बरोबर आला पण वाचणाऱ्याने आधी क्षणभर थांबून विचार केला, तरीही रूप बदलावे. तोच विचार ध्वनिमुद्रणात अनावश्यक विराम म्हणून ऐकू येतो.

मुद्रण झाल्यावर तपासणी प्रकरणांच्या क्रमाने न करता नावांच्या क्रमाने करावी. ‘छिंग-लान’ हे नाव जेथे जेथे येते ते सर्व तुकडे काढून एकामागून एक ऐकावेत, विशेषतः पहिला आणि शेवटचा लागोपाठ. प्रकरण सलग ऐकताना कान हळूहळू बदलणाऱ्या उच्चाराला सरावतो आणि घसरण लक्षात येत नाही. सुटे तुकडे ऐकले की लगेच कळते. घसरण बहुधा ठरावीक दिशेने होते. महाप्राण सैल होऊन छ चा च होतो, रेघेची सीमा पुसली जाऊन ‘यिन-हुआ’चे ‘यिन्हुआ’ होते, आणि तालव्य च दंत्याकडे झुकतो. निवेदिकेला या तीन गोष्टी आधीच सांगितल्या तर त्या स्वतःच सावध राहतात.

जेथे चूक सापडेल तेथे फक्त नाव पुन्हा मुद्रित करून मध्ये चिकटवू नये, कारण सुट्या नावाचा सूर आणि श्वास वाक्याशी जुळत नाही. पूर्ण वाक्य, आणि नाव वाक्याच्या आरंभी असेल तर त्याआधीचे वाक्यही, निवेदिकेला ऐकवून त्याच ओघात पुन्हा वाचून घ्यावे. दुरुस्तीच्या दिवशी सुरुवातीला त्यांना त्यांच्याच आवाजातील योग्य उच्चाराचा एक तुकडा ऐकवावा. दुसऱ्या कोणाच्या आवाजातील नमुन्यापेक्षा स्वतःच्या आवाजातील नमुना त्यांना लवकर पकडता येतो, आणि नव्या मुद्रणाचा सूर जुन्याशी जुळतो.